पंधरा पाउंड आणि द्वारकेची हवा

“मॅडम, हा थर्मामीटर खराब आहे. अठ्ठ्याण्णवच्या पुढे जातच नाही.”

प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झालेली मुलगी उकळत्या पाण्याच्या बीकरमध्ये थर्मामीटर धरून उभी होती. पाणी खदखदत होतं आणि काचेवर वाफ धरली होती. पारा मात्र ९८ वर येऊन थांबलेला. तिनं दुसरा थर्मामीटर घेतला, तोही ९८ वरच थांबला. मग तिसरा. शेवटी तिन्ही बाजूला ठेवून ती म्हणाली, “सगळी खेपच खराब आलीय.”

थर्मामीटर तिन्ही चांगले होते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे. या उंचीवर डोक्यावरच्या हवेचं वजन मुंबईपेक्षा कमी असतं आणि त्यामुळे पाणी १०० अंशांची वाट न पाहता ९८ च्या आसपासच उकळतं. आमची छोटीशी प्रयोगशाळा द्वारका चौकाजवळ आहे, जिथे मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. विहिरींचं, बोअरचं, टँकरचं पाणी आमच्याकडे तपासायला येतं. महामार्गानं कसारा घाट चढून आलेला माणूस ६०० मीटर वर आला आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. पाण्याच्या मात्र येतं. वाफेच्याही येतं. या प्रकरणात मी वाफेबद्दल सांगणार आहे, कारण त्या दोन अंशांकडे दुर्लक्ष केल्याची किंमत आम्ही स्वतः मोजली होती.

ती गोष्ट या मुलीच्या आधीची. पाण्यातले जंतू मोजायचे तर ते वाढवायला अन्न लागतं. पेप्टोन, मांसाचा अर्क, मीठ आणि घट्टपणासाठी समुद्री शेवाळापासून काढलेला अगर, हे सगळं पाण्यात विरघळवून आम्ही फ्लास्कमध्ये भरतो. तोंडाला कापसाचा बोळा, त्यावर ब्राउन पेपर, त्यावर दोरा. याला आम्ही मीडिया म्हणतो. तो वापरण्याआधी त्यात एकही जिवंत जंतू उरता कामा नये, नाहीतर पाण्यातले कोणते आणि आमचे कोणते हे कसं कळणार? म्हणून मीडिया आणि काचसामान ऑटोक्लेव्हमध्ये घालून दाबाखालच्या वाफेत ठेवायचं. प्रत्येक पुस्तकात एकच आकडा असतो: १२१ अंश, १५ मिनिटं. प्रयोगशाळेतल्या रोजच्या बोलीत तो होतो “पंधरा पाउंडला पंधरा मिनिटं”. आमच्याकडे वर्षानुवर्षं ऑटोक्लेव्ह लावणारे काका हेच म्हणायचे, मीही हेच शिकले होते आणि आमच्या यंत्रावर तर थर्मामीटरच नव्हता. होता तो फक्त दाबाचा गेज.

एका आठवड्यात आमच्या कंट्रोल प्लेट्स बिघडल्या. कंट्रोल म्हणजे ज्यात पाण्याचा नमुना घातलेलाच नाही, नुसता मीडिया ओतून ३७ अंशांवर ठेवलेली प्लेट. तिच्यात काहीही उगवायला नको. पण दोन दिवसांनी पाहिलं तर पांढरट, कोरड्या, कडेला सुरकुतलेल्या वसाहती दिसल्या. पहिला संशय हातांवर गेला. पंखा चालू असेल, प्लेट उघडी राहिली असेल, महामार्गाची धूळ आत आली असेल. काकांनी खिडक्या बंद केल्या, टेबल स्पिरिटनं पुसलं, नवी प्लेट ओतली. पुन्हा तेच.

मग एक प्लेट मी उजेडासमोर धरली आणि भिंगातून पाहिली. काही वसाहती अगरच्या पृष्ठभागावर नव्हत्या. त्या अगरच्या आत अडकलेल्या होत्या, मसुरीच्या डाळीच्या दाण्यासारख्या, दोन्ही बाजूंनी फुगीर. हवेतून पडलेला जंतू पृष्ठभागावर पडतो आणि तिथेच पसरतो. गोठलेल्या अगरच्या पोटात तो शिरत नाही. आत वाढलेला जंतू ओतण्याआधीपासूनच पातळ मीडियात असतो. शिवाय ज्या प्लेट्स बिघडल्या त्या सगळ्या एका लिटरच्या मोठ्या फ्लास्कमधून ओतलेल्या होत्या. १०० मिलिलिटरच्या छोट्या फ्लास्कमधल्या स्वच्छ होत्या. वसाहतीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली घेतला तर लांबट दांडके आणि त्यांच्या पोटात चमकदार अंडाकृती ठिपके दिसले. ते बीजाणू होते.

बीजाणू म्हणजे बॅसिलस जातीच्या जंतूंनी दुष्काळासाठी बांधलेली कोठी. आतलं पाणी जवळजवळ काढून टाकलेलं, भोवती एकावर एक आवरणं, सगळे व्यवहार बंद. मातीत, धान्यात, अगरच्या पावडरीतही ते असतात. उकळत्या पाण्यात साधे जंतू मिनिटभरात मरतात, बीजाणूंचं तास न् तास काही बिघडत नाही. ऑटोक्लेव्ह जन्माला आला तो यांच्यासाठीच. पाश्चर यांच्या पॅरिसच्या प्रयोगशाळेत शार्ल शांबेरलाँ यांनी १८७९ च्या सुमारास दाबाखाली वाफ धरणारं भांडं जंतुनाशासाठी वापरात आणलं. त्याच्या २०० वर्षं आधी देनी पापँ यांनी हाडं मऊ करण्यासाठी दाबाचं भांडं बनवलंच होतं, तोच आपल्या कुकरचा पूर्वज.

म्हणजे आमचे बीजाणू ऑटोक्लेव्हमधून जिवंत बाहेर आले होते. गेज मात्र दर वेळी १५ पाउंड दाखवत होता आणि काकांनी घड्याळ लावून १५ मिनिटं मोजली होती. मग चुकलं कुठे?

ते कळायला आधी वाफ काय करते ते पाहायला हवं. हॉट एअर ओव्हनमध्ये काचसामान निर्जंतुक करायचं तर १६० अंशांवर दोन तास ठेवावं लागतं. वाफेला १२१ अंशांवर १५ मिनिटं पुरतात. तापमान ३९ अंशांनी कमी आणि वेळ आठपट कमी, याची कारणं दोन. ओलाव्यात प्रथिनं फार लवकर गोठतात. ओल्या अंड्याचा बलक ६० अंशांच्या पुढे घट्ट होतो, पण तेच प्रथिन पूर्ण वाळवलं तर त्याला कितीतरी जास्त उष्णता लागते. दुसरं कारण रोज स्वयंपाकघरात दिसतं. भाजायच्या ओव्हनमध्ये २०० अंशांच्या हवेत हात क्षणभर घातला तर काही होत नाही, पण कुकरच्या वाफेचा एक फवारा बोटाला लागला की फोड येतो. वाफ थंड वस्तूला टेकली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना ती साठवलेली उष्णता तिथेच टाकते. एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापायला एक कॅलरी लागते. १२१ अंशांची एक ग्रॅम वाफ नुसती पाणी होताना सव्वापाचशेच्या आसपास कॅलरी देते. शिवाय पाणी होताना तिचं आकारमान शेकडो पटींनी आकसतं, तिथे पोकळी होते आणि ती भरायला नवी वाफ धावून येते. कापसाच्या बोळ्यातून, कागदाच्या घडीतून वाफ अशी स्वतःला आत ओढत नेते.

हवेला हे काहीच जमत नाही. ती आकसत नाही आणि उष्णता टाकत नाही. वाफेच्या वाटेत ती नुसती उभी राहते. आणि तिचा खरा घात गेजवर होतो. गेज दाब मोजतो. तो दाब वाफेचा आहे की वाफ आणि हवा या दोघांचा, हे गेजला कळत नाही. भांड्यात हवा उरली असेल तर १५ पाउंडांतला काही भाग हवेचा असतो, वाफेच्या वाट्याला कमी दाब येतो, आणि वाफेचं तापमान ठरतं ते फक्त तिच्या स्वतःच्या दाबावर. समुद्रसपाटीवर सगळी हवा काढली तर १५ पाउंडला १२१ अंश मिळतात. निम्मी हवा आत राहिली तर त्याच १५ पाउंडला ११२. हवा अजिबात काढली नाही तर १०० च. काटा तिन्ही वेळा एकाच रेघेवर.

आपल्या आया हे जाणत होत्या असं म्हणायला हरकत नाही. जुन्या कुकरला “आधी वाफ येऊ दे, मग शिट्टी लाव” असं सांगायच्या. झाकणाच्या नळीतून वाफेची सरळ, सलग धार यायला लागली की मगच वजन ठेवायचं. ती धार येईपर्यंत आतली हवा बाहेर पडत असते. ऑटोक्लेव्हच्या झाकणावरचा वाफेचा कॉक त्याच कामासाठी असतो.

मी काकांना विचारलं, “काका, कॉक कधी बंद करता?” ते म्हणाले, “वाफ दिसली की लगेच. नाहीतर पाणी आटतं आणि कॉइल जळते.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, एकदा कॉइल जळलीही होती. पण वाफ दिसणं आणि हवा संपणं यांत बराच वेळ असतो. सुरुवातीला फुसफुसत, तुटक तुटक येते ती हवा आणि वाफ यांची सरमिसळ. आम्ही पारा वर जाऊन तिथेच अडकणारा, ताप मोजायच्या थर्मामीटरसारखा, पण १५० अंशांपर्यंत जाणारा थर्मामीटर मिळवला. तो जाळीच्या बास्केटमध्ये फ्लास्कांच्या मधोमध उभा केला आणि काकांना रोजच्याप्रमाणेच यंत्र लावायला सांगितलं. १५ पाउंड, १५ मिनिटं. उघडल्यावर पारा अडकला होता ११२ वर.

हे नऊ अंश ऐकायला थोडे वाटतात. पण बीजाणूंच्या मरणाचा हिशोब सरळ रेषेत चालत नाही. तापमान १० अंशांनी उतरलं की तेवढेच बीजाणू मारायला दहापट वेळ लागतो, हा उष्णतेनं जंतू मारणाऱ्या सगळ्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. त्यानुसार ११२ अंशांवरची आमची १५ मिनिटं म्हणजे १२१ अंशांवरची दोन मिनिटंही नव्हती. बीजाणू मेले नाहीत यात नवल नव्हतं. छोट्या फ्लास्कमधले मेले, हेच आमचं नशीब.

याच चुकीनं एकदा माणसं गेली आहेत. १९७२ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना डेक्स्ट्रोजच्या बाटल्या चढवल्या आणि काही रुग्ण दगावले. चौकशीत निघालं की कारखान्यातल्या ऑटोक्लेव्हमध्ये हवा अडकून राहिली होती. हवा वाफेपेक्षा जड, म्हणून ती तळाशी साचली आणि खालच्या थरातल्या बाटल्या पुरेशा तापल्याच नाहीत. दाब ठीक होता. तापमान नोंदवणारं यंत्र मात्र काहीतरी बिनसलंय असं सांगत होतं. ते यंत्रच नादुरुस्त असावं, असं तिथल्या माणसांनी धरून चाललं. आमच्या मुलीनं तीन थर्मामीटर बाजूला ठेवले तेव्हा मला पहिल्यांदा प्लिमथच आठवलं.

आम्ही कॉकला रबराची नळी लावली आणि तिचं दुसरं टोक थंड पाण्याच्या बादलीत बुडवलं. हवा येत असेपर्यंत बादलीत बुडबुडे वर येतात आणि फुटतात. निव्वळ वाफ यायला लागली की ती पाण्यात शिरताच पाणी होते, बुडबुडा वर येतच नाही. फक्त टकटक असा आवाज होतो, जणू कोणी बादलीच्या आतून बोटानं वाजवतंय. काका बादलीपाशी बसून राहिले. सलग धार सुरू झाल्यावरही पाचसहा मिनिटं बुडबुडे येत होते. मग ते थांबले आणि टकटक सुरू झाली. तेव्हा कुठे त्यांनी नळी पाण्यातून वर काढली आणि मग कॉक बंद केला. नळी बुडालेली असताना कॉक बंद करून यंत्र गार होऊ द्यायचं नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं. कॉक जरा जरी गळका असला तरी आत पोकळी होऊन बादलीतलं गढूळ पाणी ओढलं जाऊ शकतं. पाणी आटण्याचा प्रश्न होताच. कॉइलच्या वर दोन बोटं जास्त पाणी भरलं, तो प्रश्न मिटला.

त्या दिवशी पारा १२० च्या एक कणभर खाली अडकला होता.

इथपर्यंत आल्यावर बहुतेक जण थांबतील, मीही थांबणार होते. १२० काय नि १२१ काय! पण हवा तर सगळी निघाली होती, गेज नव्यानं तपासून घेतलेला होता. मग उरलेला एक अंश कुठे गेला? तो द्वारकेच्या हवेनं नेला होता.

गेजचा काटा शून्यावर असतो तेव्हा भांड्यात दाब नसतो असं नाही. बाहेर जेवढा हवेचा दाब तेवढाच आत असतो, म्हणून काटा हलत नाही. गेज आतला आणि बाहेरचा यांतला फरक सांगतो. कुकरचं वजनही तसंच, बाहेरच्या हवेच्या वर किती, एवढंच ते जाणतं. वाफेला मात्र फरकाशी देणंघेणं नाही. तिचं तापमान आतल्या संपूर्ण दाबावर ठरतं. समुद्रकाठी मुंबईत बाहेरच्या हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पाउंड असतो. त्यात गेजवरचे १५ मिळवले की २९.७, आणि २९.७ पाउंडांच्या शुद्ध वाफेचं तापमान १२१ अंश. पुस्तकातला आकडा या बेरजेतून आला आहे. त्याचं मूळही पाहण्यासारखं आहे. १२१ हा असा विचित्र आकडा का, तर तो फॅरनहाइटमधला गोल २५० आहे.

नाशिकच्या उंचीवर बाहेरची हवा १३.७ पाउंडांची. मुंबईपेक्षा बरोबर एक पाउंड कमी. गेज १५ म्हणाला तरी आत एकूण २८.७ आणि त्याचं तापमान ११९.९ अंश. आमचा पारा खरं बोलत होता. एक अंश आणि वर थोडंसं कमी. वरच्या ठोकताळ्यानं हिशोब केला तर नाशिकची १५ मिनिटं मुंबईच्या साडेअकरा मिनिटांच्या बरोबरीची ठरतात. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, बाहेरची हवा साडेबारा पाउंडांची. तिथे १५ पाउंडला ११८.५ अंश मिळतात आणि १५ मिनिटांची जेमतेम साडेआठ होतात. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हवेचा दाब थोडा खालीवर होतो, पण त्यानं एक-दोन दशांश अंशांचाच फरक पडतो, त्याची काळजी करायला नको. उंचीचा फरक मात्र बारा महिने तसाच राहतो.

साडेअकरा मिनिटं पुरत नाहीत का? हे समजायला ऑटोक्लेव्ह तपासायची पट्टी पाहू. बाजारात कागदाच्या पट्टीवर वाळवलेले बीजाणू मिळतात, जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या उष्णताप्रेमी जंतूचे, एका पट्टीवर साधारण १० लाख. १२१ अंशांवर दर दीड ते दोन मिनिटांनी त्यांतले दहातले नऊ मरतात. दोन मिनिटं धरली तर दोन मिनिटांनी उरले एक लाख, चार मिनिटांनी दहा हजार, असं करत १२ मिनिटांनी एक. १५ मिनिटांत तीन मिनिटांची पुंजी शिल्लक राहते आणि त्या पुंजीवरच सगळा भरवसा. आमच्या साडेअकरा मिनिटांत ती पुंजी तर गेलीच, वर काठावर एखाद-दुसरा जिवंत राहण्याची सोयही झाली. मीडियात एरवी एवढे आणि इतके चिवट बीजाणू नसतात, म्हणून नाशिकच्या कित्येक यंत्रांमध्ये वर्षभर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते दुसरी एखादी चूक जोडीला आली की. फ्लास्कला चिकटवायची रेघारेघांची टेप काळी झाली म्हणजे काम झालं असं मानणारे पुष्कळ भेटतात. टेप फक्त हे सांगते की हा फ्लास्क यंत्रात जाऊन आला.

आमच्याकडे दुसरी चूक होतीच, मोठ्या फ्लास्कची. १५ मिनिटं मोजायची ती भांड्यातली वाफ १२१ ला पोचल्यापासून नव्हे, तर फ्लास्कच्या पोटातला मीडिया पोचल्यापासून. वाफ काचेच्या बाहेर थांबते. आतल्या द्रवापर्यंत उष्णता काचेतून हळूहळू झिरपते. तोच थर्मामीटर पाणी भरलेल्या फ्लास्कमध्ये बुडवून आम्ही कमी-जास्त वेळ यंत्र चालवून पाहिलं. १०० मिलिलिटरचा फ्लास्क वाफेच्या मागे पाचेक मिनिटांनी पोचला. एक लिटरच्या फ्लास्कला पंधरा मिनिटं लागली. काटा पंधरावर आल्यावर काका घड्याळ लावत, आणि त्यांची पंधरा मिनिटं संपत तेव्हा मोठ्या फ्लास्कच्या मध्यभागी खरी सुरुवात होत असे. तेव्हापासून आम्ही एक लिटरचा फ्लास्क बंदच केला. मीडिया २५० मिलिलिटरच्या फ्लास्कांत वाटून लावतो, तोही दोन-तृतीयांशाहून जास्त न भरता, आणि एका फेरीत लहान-मोठे फ्लास्क मिसळत नाही.

मग सरळ तासभरच का लावू नये? नुसतं काचसामान असेल तर लावावं, काचेचं काही जात नाही. मीडियाचं जातं. साखर आणि पेप्टोन एकत्र तापली की करपायला लागतात, मीडिया चहाच्या रंगाकडे झुकतो, त्याची आम्लता बदलते आणि अगर इतका मऊ पडतो की प्लेट उलटी केली की सरकतो. पाण्यातले कोलिफॉर्म शोधायचा मीडिया लॅक्टोजवर चालतो. लॅक्टोज मोडला तर जंतूंचं खाणंच बदललं, निकाल खोटा. साखरेचे काही नाजूक मीडिया म्हणूनच दहा पाउंडला, ११५ अंशांवर लावतात, काही ऑटोक्लेव्हमध्ये घालतच नाहीत, नुसते उकळतात. म्हणजे एका बाजूला बीजाणू, दुसऱ्या बाजूला लॅक्टोज, आणि मधली वाट अरुंद. तापमान वाढलं की बीजाणू मरण्याचा वेग साखर मोडण्याच्या वेगापेक्षा जास्त झपाट्यानं वाढतो, म्हणून वेळ वाढवण्यापेक्षा हरवलेला अंश परत मिळवणं मला जास्त बरं वाटतं. नाशिकमध्ये हे सोपं आहे. बाहेरच्या हवेत एक पाउंड कमी आहे, तो गेजवर वाढवायचा. १६ अधिक १३.७ म्हणजे पुन्हा २९.७, म्हणजे १२१. आमच्या यंत्राचा सेफ्टी व्हॉल्व्ह यापेक्षा बराच वर उघडतो, हे बनवणाऱ्याच्या पत्रकात पाहून घेतलं आणि मगच वजन बदललं. ज्यांच्या यंत्राचं वजन १५ वरच पक्कं आहे त्यांनी ते दाबून-बांधून ठेवायचा विचारही करू नये. १५ च्या जागी २० मिनिटं मोजली की नाशिकचा हिशोब जुळतो.

काचसामानाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण तिथे ही हवा पुन्हा भेटते. मीडियाच्या फ्लास्कमध्ये पाणी असतं, आतलं पाणीच तापून वाफ होतं आणि हवा बाहेर ढकलतं. रिकाम्या बाटलीत तसं काही नसतं. तिचं झाकण घट्ट असेल तर वाफ आत जात नाही आणि आत १२१ अंशांची कोरडी हवा राहते. कोरड्या हवेच्या १२१ अंशांनी बीजाणूंचं काही होत नाही. म्हणून झाकण अर्धा आटा सैल ठेवायचं आणि रिकामी बाटली किंवा बीकर उभा न ठेवता आडवा करायचा, म्हणजे जड हवा तोंडातून ओघळून जाते. पेट्री प्लेट्स स्टीलच्या बंद डब्यात घालून ऑटोक्लेव्हला लावणं म्हणजे वाफेला दारातूनच परत पाठवणं. डबा हवाच असेल तर तो हॉट एअर ओव्हनमध्ये, १६० अंशांवर दोन तास. ऑटोक्लेव्हला लावायच्या तर प्लेट्स कागदात गुंडाळाव्यात, कागदातून वाफ जाते.

शेवटची घाई दाब उतरवताना होते. काम संपल्यावर कॉक उघडून वाफ एकदम सोडली तर भांड्यातला दाब झपकन उतरतो, फ्लास्कमधला मीडिया मात्र अजून १२० अंशांवर असतो. द्वारकेला ९८ ला उकळणारं पाणी तिथे १२० वर बसलेलं, ते एका क्षणात उसळतं, बोळे उडतात, कागद भिजतात. भिजलेल्या बोळ्यातून जंतू परत आत शिरतात आणि सगळी मेहनत वाया जाते. काटा आपोआप शून्यावर येऊ द्यायचा, मग कॉक, मग झाकणाचे नट समोरासमोरच्या जोडीनं सैल करायचे. काचसामान असेल तेव्हा वाफ लगेच सोडली तरी चालते, उलट कागद लवकर सुकतो.

त्या मुलीनं बाजूला ठेवलेले तिन्ही थर्मामीटर मी परत मागवले. तिला बीकरपाशी उभं करून ही बेरीज कागदावर मांडायला लावली, १३.७ कुठून आले ते उंचीवरून काढायला लावलं. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे मॅडम, कॉलेजात परीक्षेत १०० लिहायचं आणि इथं ९८?” “अगं, परीक्षेतही ‘समुद्रसपाटीला’ असं लिहायचं,” मी म्हटलं. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरते आणि रजिस्टरमध्ये ९८ लिहिते. काका तिच्या शेजारी बादलीपाशी बसलेले असतात, बुडबुडे थांबून टकटक सुरू व्हायची वाट पाहत.